यंत्राची खरी किंमत आणि पहिल्या वर्षाचा घसारा

व्यापारी पेढीच्या वहीत मालाची खरेदी रोज नोंदवली जाते; यंत्राची खरेदी मात्र पाच-दहा वर्षांतून एकदा होते. त्यामुळे मुनीम कितीही अनुभवी असला तरी यंत्राच्या नोंदी करताना त्याचा हात रोजच्या सवयीने चालतो. पुरवठादाराचे बिल यंत्रखात्यात जाते, ट्रकचे भाडे गाडीभाड्यात जाते, गवंड्याची मजुरी दुरुस्तीखात्यात जाते आणि उरलेले सारे किरकोळ खर्चात मिसळून जाते. वर्षअखेरीस बेरजा जुळतात, ताळेबंदही जुळतो. पण नफा चुकलेला असतो. ही चूक कोठे शिरते आणि ती कशी टाळावी, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

सांगलीत हळद पूड तयार करून विकणारी एक भागीदारी पेढी आहे असे समजू. ज्येष्ठ काका आणि दोन पुतणे असे तीन समान भागीदार आहेत. पेढीने पूड पाकिटांत भरून सीलबंद करणारे यंत्र अहमदाबादच्या पुरवठादाराकडून घेतले. वर्ष २०२४-२५ चे. याच वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्च २०२५ रोजी, काका पेढीतून निवृत्त होणार आहेत. त्या दिवसाच्या हिशोबावरून त्यांचा वाटा ठरणार असल्याने या वर्षाचा नफा अचूक असणे तिघांच्याही हिताचे आहे.

यंत्राची छापील किंमत ८,४०,००० रुपये होती. पुरवठादाराने ४०,००० रुपयांची व्यापारी सूट दिली. म्हणून बिलाची मूळ रक्कम ८,००,००० रुपये झाली आणि तीवर १८ टक्के दराने १,४४,००० रुपये एकात्मिक जीएसटी लागला. बिल एकूण ९,४४,००० रुपयांचे. व्यापारी सूट बिलातच वजा होत असल्याने तिची वेगळी नोंद होत नाही. वहीत ८,४०,००० हा आकडा कोठेही येत नाही.

आता जीएसटीचा प्रश्न. ही पेढी करपात्र माल विकते आणि नियमित करदाती आहे. म्हणून यंत्रावर भरलेला कर तिला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत मिळतो. जो कर परत मिळतो तो यंत्राच्या किमतीचा भाग नसतो. याउलट पेढी कंपोझिशन योजनेत असती, तर क्रेडिट मिळाले नसते आणि ते १,४४,००० रुपये यंत्राच्याच किमतीत धरावे लागले असते. एकाच करावर दोन्ही लाभ मात्र घेता येत नाहीत: कराची रक्कम किमतीत धरून तीवर आयकरात घसारा मागितला, तर जीएसटी कायदा त्या कराचे क्रेडिट नाकारतो.

यंत्र २२ जुलै २०२४ रोजी गोदामात आले. पण आले म्हणजे ते वापरास तयार झाले असे नव्हे. अजून पाया घालायचा होता, वीजजोडणी व्हायची होती, चाचणी बाकी होती. म्हणून ही रक्कम लगेच यंत्रखात्यात न टाकता ‘उभारणी चालू यंत्र’ असे तात्पुरते खाते उघडणे सोयीचे. यंत्रावरचा प्रत्येक योग्य खर्च या एकाच खात्यात गोळा होतो आणि यंत्र तयार झाल्यावर पूर्ण रक्कम एकदमच पुढे नेता येते. पहिली नोंद अशी:

२२ जुलै २०२४
उभारणी चालू यंत्र खाते … नावे ८,००,०००
इनपुट एकात्मिक जीएसटी खाते … नावे १,४४,०००
 पुरवठादाराचे खाते … जमा ९,४४,०००
(पाकीटबंद करण्याचे यंत्र उधारीवर खरेदी केले.)

पुढे पुरवठादाराला बँकेतून पैसे दिले की त्याचे खाते नावे आणि बँक खाते जमा होते. त्या नोंदीचा यंत्राच्या किमतीशी संबंध नाही. पैसे आज दिले की तीन महिन्यांनी, किंमत तीच राहते.

यानंतर एकामागून एक बिले आली. अहमदाबादहून सांगलीपर्यंतचे ट्रकभाडे १८,००० रुपये, वाटेतील विमा २,००० रुपये, सिमेंटचा पाया २२,००० रुपये, यंत्रासाठी स्वतंत्र वीजवाहिनी १४,००० रुपये आणि पुरवठादाराने पाठवलेल्या तंत्रज्ञाचे उभारणी शुल्क १५,००० रुपये. या लहान बिलांवरचा जीएसटी येथे सोयीसाठी वगळला आहे. ही पाचही बिले एकाच कसोटीवर तपासावीत: यंत्र ठरलेल्या जागी आणून ठरलेल्या रीतीने चालण्याजोगे करण्यासाठी हा खर्च थेट आवश्यक होता का? पाचांचेही उत्तर होय असे येते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे लेखा मानक १० हीच कसोटी सांगते. नोंद अशी:

उभारणी चालू यंत्र खाते … नावे ७१,०००
 बँक खाते … जमा ७१,०००
(ट्रकभाडे १८,०००, वाटेतील विमा २,०००, पाया २२,०००, वीजवाहिनी १४,००० व उभारणी शुल्क १५,००० धनादेशाने दिले.)

प्रत्यक्षात प्रत्येक बिलाची नोंद त्याच्या त्याच्या तारखेस स्वतंत्र होईल. येथे ती एकत्र दाखवली आहे. खाली स्पष्टीकरण लिहिताना प्रत्येक रक्कम कशाची आहे हे मात्र लिहावेच. सहा वर्षांनी यंत्र विकताना पायाचे पैसे किमतीत धरले होते की नाही, हे त्या एका ओळीवरूनच कळणार आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाचणी झाली. पेढीच्या साठ्यातील ९,००० रुपयांची हळद पूड आणि पाकिटांची फिल्म त्यात खर्ची पडली. काही पाकिटांचे वजन कमी-जास्त भरले, काहींचे सील सुटले. जी पाकिटे चांगली निघाली ती जीएसटी वगळता ४,००० रुपयांना विकली गेली. चाचणीचा खर्च हा यंत्र तयार करण्याचाच खर्च आहे, म्हणून तो किमतीत धरतात; पण चाचणीतील मालाच्या विक्रीतून आलेली रक्कम त्यातून वजा करतात. विक्रीचे बिल व त्यावरचा कर नेहमीप्रमाणेच होतो. फक्त कर सोडून उरलेली रक्कम विक्रीखात्याऐवजी उभारणीच्या खात्यात जमा होते.

उभारणी चालू यंत्र खाते … नावे ९,०००
 खरेदी खाते … जमा ९,०००
(साठ्यातील माल चाचणीसाठी वापरला.)

रोख खाते … नावे ४,०००
 उभारणी चालू यंत्र खाते … जमा ४,०००
(चाचणीतील पाकिटांची विक्री, कराची रक्कम वेगळी.)

आणखी दोन बिले त्याच गठ्ठ्यात होती. यंत्र चालवणाऱ्या दोन कामगारांच्या प्रशिक्षणाचे ६,००० रुपये आणि यंत्राच्या वार्षिक विम्याचे १२,००० रुपये. ही दोन्ही यंत्राशी संबंधित दिसतात, तरी किमतीत येत नाहीत. प्रशिक्षणाने माणूस तयार होतो, यंत्र नव्हे; लेखा मानकाने प्रशिक्षणाचा खर्च किमतीबाहेरच ठेवला आहे. वाटेतील विमा यंत्र आणण्यासाठी होता, तर वार्षिक विमा ते तयार झाल्यानंतरच्या काळासाठी आहे. हा विमा १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ या मुदतीचा असल्याने त्यातील सहा महिन्यांचे ६,००० रुपये या वर्षाचा खर्च आणि उरलेले ६,००० रुपये ताळेबंदात ‘आगाऊ दिलेला खर्च’ म्हणून येतात.

३० सप्टेंबरला चाचणी पूर्ण झाली. पाकिटे अचूक वजनाची निघू लागली आणि तंत्रज्ञाने पूर्णत्वाचा दाखला दिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून यंत्र वापरास तयार झाले. उभारणीच्या खात्यात तोवर ८,००,००० अधिक ७१,००० अधिक ९,००० वजा ४,००० म्हणजे ८,७६,००० रुपये जमले होते. ते खाते आता बंद होते:

१ ऑक्टोबर २०२४
यंत्रसामग्री खाते … नावे ८,७६,०००
 उभारणी चालू यंत्र खाते … जमा ८,७६,०००
(यंत्र वापरास तयार झाल्याने एकूण खर्च वर्ग केला.)

यंत्राची खरी किंमत ही. बिलावरच्या ९,४४,००० पेक्षा ती कमी आहे, कारण कर परत मिळाला. आणि ८,००,००० पेक्षा जास्त आहे, कारण यंत्र नुसते विकत घेतल्याने चालत नाही.

आता घसारा. स्थिर हप्ता पद्धतीत तीन गोष्टी लागतात: एकूण किंमत, उपयुक्त आयुष्य आणि आयुष्याच्या शेवटी मिळेल अशी अंदाजे मोड किंमत. किंमत वहीतून मिळाली. आयुष्य आणि मोड किंमत हे अंदाज आहेत व ते भागीदारांनी विचारपूर्वक ठरवायचे असतात. कंपन्यांसाठी कंपनी कायदा, २०१३ ची दुसरी अनुसूची सर्वसाधारण यंत्रांचे आयुष्य १५ वर्षे धरते. भागीदारी पेढीवर ते बंधनकारक नाही. हळदीची बारीक पूड यंत्राच्या सांध्यांत शिरते, सीलबंद करणारे भाग लवकर झिजतात, असा अनुभव असल्याने या पेढीने आयुष्य १० वर्षे आणि मोड किंमत ३६,००० रुपये धरली.

८,७६,००० मधून ३६,००० वजा केल्यावर ८,४०,००० रुपये उरतात. ही रक्कम १० वर्षांत समान वाटायची, म्हणजे पूर्ण वर्षाचा घसारा ८४,००० रुपये आणि महिन्याचा ७,००० रुपये. पहिल्या वर्षी मात्र यंत्र १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत सहाच महिने उपलब्ध होते. म्हणून पहिल्या वर्षाचा घसारा ४२,००० रुपये.

येथे सुरुवातीची तारीख जपून ठरवावी लागते. बिलाची तारीख, यंत्र आल्याची तारीख, पैसे दिल्याची तारीख यांपैकी एकही चालत नाही. घसारा सुरू होतो तो यंत्र वापरास तयार झाल्यापासून. यंत्र आल्याची तारीख धरली असती, तर दोन महिन्यांहून अधिक काळाचा जादा घसारा लागला असता. आणि त्या काळात तर यंत्राचा पायाही झालेला नव्हता.

३१ मार्च २०२५
घसारा खाते … नावे ४२,०००
 संचित घसारा खाते … जमा ४२,०००
(यंत्रावरील सहा महिन्यांचा घसारा.)

नफा-तोटा खाते … नावे ४२,०००
 घसारा खाते … जमा ४२,०००
(घसारा नफा-तोटा खात्यास वर्ग केला.)

जुन्या वह्यांत घसारा थेट यंत्रखात्यात जमा करून तेथील शिल्लक कमी करीत. तसे केले तरी नफ्यात फरक पडत नाही. पण संचित घसाऱ्याचे वेगळे खाते ठेवल्यास यंत्राची मूळ किंमत नेहमी डोळ्यांसमोर राहते. ताळेबंदात यंत्र ८,७६,०००, वजा संचित घसारा ४२,०००, निव्वळ ८,३४,००० असे दिसते. पुढील नऊ वर्षे प्रत्येकी ८४,००० आणि शेवटच्या वर्षी ३० सप्टेंबर २०३४ पर्यंतच्या सहा महिन्यांचे ४२,००० लागून एकूण ८,४०,००० पूर्ण होतात व वहीत ३६,००० रुपये उरतात. ही बेरीज एकदा करून पाहिली की हिशोब बरोबर आहे याची खात्री पटते.

आता हेच सवयीने लिहिले असते तर काय झाले असते? भाडे, विमा, पाया, वीजवाहिनी, उभारणी शुल्क आणि चाचणीचा निव्वळ खर्च मिळून ७६,००० रुपये त्या वर्षाच्या खर्चात गेले असते. यंत्रखात्यात ८,००,००० राहिले असते आणि त्यावर वर्षाचा घसारा ७६,४००, म्हणजे सहा महिन्यांचा ३८,२०० रुपये झाला असता. नफ्यातून एकूण १,१४,२०० रुपये वजा झाले असते; योग्य आकडा ४२,००० आहे. नफा ७२,२०० रुपयांनी कमी दिसला असता. काकांचा तिसरा हिस्सा त्यामुळे सुमारे २४,००० रुपयांनी घटला असता आणि पुढील दहा वर्षे कमी घसाऱ्याचा फायदा उरलेल्या दोघांना मिळत राहिला असता. कोणाच्याही मनात तसा हेतू नसता, तरी एका घराचे पैसे नकळत दुसऱ्या घरात गेले असते. एरवी दहा वर्षांत फरक आपोआप भरून निघतो, हे खरे. पण भागीदार बदलतो त्या वर्षी तो भरून निघत नाही.

ही चूक ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. यंत्र घेतलेल्या वर्षी गाडीभाडे खात्यात एखादी एकटी मोठी रक्कम दिसते. नव्याकोऱ्या यंत्राच्या वर्षात दुरुस्तीखाते अचानक फुगते. आणि यंत्रखात्यातील आकडा पुरवठादाराच्या बिलाशी रुपयापर्यंत तंतोतंत जुळतो. बाहेरगावाहून आलेल्या जड यंत्राच्या बाबतीत असा तंतोतंत मेळ दिसला, तर समाधान मानण्याऐवजी इतर बिले कोठे गेली हे शोधावे.

शेवटी आयकर. पेढीच्या वहीतील घसारा आणि आयकराचा घसारा हे दोन वेगळे हिशोब आहेत. २०२४-२५ या वर्षासाठी आयकरात अशा यंत्रावर घटत्या शिलकीच्या पद्धतीने १५ टक्के दर होता. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्या वर्षी निम्माच दर मिळतो. आणि येथे तारीख ‘वापरास तयार’ झाल्याची नसून ‘वापरात आणल्याची’ धरतात. त्या वर्षी ३ ऑक्टोबरपर्यंत वापर सुरू झाला, तरच ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरत होते.

यंत्र १ ऑक्टोबरला तयार होते. पण पेढीने कामाचा मुहूर्त १२ ऑक्टोबरच्या दसऱ्याला केला असे समजू. मग वापराचे दिवस १७१ भरतात. ८,७६,००० वर १५ टक्के म्हणजे १,३१,४०० रुपयांऐवजी ६५,७०० रुपयेच घसारा मिळतो. भागीदारी पेढीला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरल्यास त्या वर्षी सुमारे २०,५०० रुपये कर जास्त भरावा लागतो. हे पैसे बुडत नाहीत. पुढील वर्षांच्या घसाऱ्यातून हळूहळू परत मिळतात. तरी ते आज हातातून जातात. चाचणीलाच वापर मानावे की नाही, यावर वाद होऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबण्यापेक्षा पूजा दसऱ्याला ठेवून १ ऑक्टोबरपासूनच थोडे नियमित उत्पादन सुरू करणे आणि त्याची नोंद उत्पादन वहीत ठेवणे अधिक सुरक्षित ठरले असते.

आयकराचा आणखी एक नियम उभारणीच्या खर्चावरच येऊन अडतो. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर ती यंत्राच्या आयकरातील किमतीत धरली जात नाही. पायाचे २२,००० रुपये गवंड्याला एकदम रोखीने दिले असते, तर वहीतील किंमत ८,७६,०००च राहिली असती, पण आयकरातील किंमत ८,५४,००० झाली असती आणि त्या २२,००० वर कधीच घसारा मिळाला नसता. पेढीने ही सारी बिले धनादेशाने दिली, त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही.

म्हणून यंत्राची मागणी नोंदवतानाच एक वेगळी फाईल उघडावी. तीत पुरवठादाराचे बिल, ट्रकची पावती, पायाचे व विजेचे बिल, तंत्रज्ञाचा पूर्णत्वाचा दाखला आणि पहिल्या नियमित उत्पादनाची नोंद एवढे कागद तारखेनुसार लावावेत. उभारणीच्या खात्याची बेरीज या फाईलशी जुळली की मगच रक्कम यंत्रखात्यात वर्ग करावी. दाखल्याच्या तारखेपासून वहीतील घसारा मोजावा, आणि उत्पादनाच्या तारखेपासून आयकराचे दिवस मोजावेत.